कळवते आणि मागते: औंढ्याच्या नोकरदार बायकांचा जाहीरनामा

आम्ही औंढ्याच्या, औंढोलीच्या, देवल्याच्या बाया. लोणावळ्यातल्या हॉटेलांच्या खोल्या आम्ही आवरतो, चिक्कीच्या दुकानांत गल्ल्यावर बसतो, रिसॉर्टच्या मुदपाकखान्यात कणीक मळतो, स्वागतकक्षात पाहुण्यांची नावं लिहून घेतो. मुंबई-पुण्याची सुट्टी हा आमचा कामाचा दिवस. शनिवार-रविवार आम्हाला माहीत नाही, आमचा रविवार मंगळवारी येतो. दुसऱ्यांच्या रजेवर आमच्या चुली पेटतात; आमच्या रजेचा विषय निघाला की मात्र ऑफिसातल्या सगळ्यांना एकदम काम आठवतं.

आजवर आमच्यातल्या बहुतेकींनी बाळंतपणाची रजा तोंडीच मागितली. पोट दिसायला लागलं की मुकादम विचारतो, आपण मान खाली घालून हो म्हणतो, आणि तो म्हणतो, "बघू." या "बघू"मध्ये तारीख नसते, पैसे नसतात, परत येण्याची वाट नसते. जिने अर्ज लिहिला, तिने तो शाळेत शिकवलेल्या विनंतीपत्रासारखा लिहिला: मला काही महिने रजा हवी आहे, कृपया मंजूर करावी ही नम्र विनंती. काही महिने म्हणजे किती, कधीपासून, कधीपर्यंत, यातलं काहीच कागदावर नाही. अशा कागदावर कुणीही काहीही वाचू शकतं. पाच महिन्यांनी बाई बाळ आईकडे ठेवून कामावर जाते तेव्हा तिला सांगतात, तू तर काम सोडून गेली होतीस.

हे आता थांबलं आहे. आम्ही आमचा अर्ज बदलला आहे.

आम्ही मानतो की बाळंतपणाच्या रजेच्या अर्जात दोन वेगवेगळी क्रियापदं असतात आणि ती वेगळीच ठेवली पाहिजेत. पहिलं "कळवते", दुसरं "मागते". प्रसूतीची 26 आठवड्यांची रजा आम्ही कळवतो. ती मंजूर करणं किंवा नामंजूर करणं हे मालकाच्या हातात कायद्याने ठेवलेलंच नाही. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने बाईच्या या कागदाला सूचना म्हटलं आहे, अर्ज म्हटलेलं नाही. 2017 च्या दुरुस्तीने 12 आठवड्यांचे 26 केले. 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता आली तरी सूचना सूचनाच राहिली आणि 26 आठवडे 26 च राहिले. वर्षभर कामावर येऊन साठवलेली रजा मात्र आम्ही मागतो, कारण ती कधी घ्यायची यात मालकाच्या सोयीलाही जागा आहे. दोन्ही एकाच वाक्यात लिहिलं की सगळंच मागणं होऊन बसतं आणि मंजुरीच्या टेबलावर जातं. तिथे आमच्या रजा हरवतात.

हा हक्क काही कालपरवाचा नाही. कामगार बायांसाठी असा कायदा सगळ्या हिंदुस्थानात पहिल्यांदा झाला तो आपल्या मुंबई इलाख्यात, 1929 साली. त्याच्या आदल्या वर्षी, 28 जुलै 1928 रोजी, मुंबईच्या कायदे मंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर या विधेयकाच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात राष्ट्राचं हित आहे, हे त्यांनी तिथे मांडलं. आमच्या पणज्या तेव्हा भातखाचरात चिखल तुडवत होत्या. त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोचली नाही. आमच्यापर्यंत पोचली आहे.

आता आमच्यातल्या एकीचा अर्ज बघा. नाव सांगत नाही, कारण उद्या ते नाव तुमचंही असू शकेल. ती एका रिसॉर्टमध्ये खोल्यांची देखरेख करते. रोज 900 रुपये, आठवड्यातून मंगळवारी सुट्टी. तिच्या शेवटच्या पाळीचा पहिला दिवस तिला पक्का आठवतो: 6 डिसेंबर 2025. घरची माणसं महापरिनिर्वाण दिनाला दादरला गेली होती आणि ती पोट दुखतं म्हणून घरी राहिली होती. त्या दिवसापासून 280 दिवस मोजले की 12 सप्टेंबर 2026 येतो, शनिवार. सुरुवातीच्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीतही हीच तारीख निघाली, म्हणून माता-बाल संरक्षण कार्डावर तीच लिहिली गेली. अर्जात अपेक्षित प्रसूतीची एकच तारीख द्यायची आणि ती कार्डावरचीच द्यायची. कार्डावर एक, अर्जात दुसरी असं झालं तर ऑफिसला बोट ठेवायला जागा मिळते, आणि ते बोट बरोबर तिथेच ठेवतात.

पुढचा प्रश्न रजा कधी सुरू करायची. अपेक्षित तारखेच्या आधी जास्तीत जास्त 8 आठवडे घेता येतात, म्हणजे तिला 18 जुलैपासून घरी बसता येईल. पण 26 आठवडे म्हणजे एकूण 182 दिवस, आणि आधी घेतलेला प्रत्येक दिवस बाळ झाल्यानंतरच्या दिवसांतून जातो. तिने आधीचे चार आठवडे धरले आहेत. रजेची सुरुवात 15 ऑगस्ट 2026.

तारीख ऐकून आमच्यातल्या दोघी हसल्याच. 15 ऑगस्ट, त्यात शनिवार, त्यात भर पाऊस! भुशी धरणाच्या रस्त्यावर त्या दिवशी मुंगीलाही वाट मिळत नाही आणि रिसॉर्टमध्ये एक खोली रिकामी नसते. मॅनेजर डोकं धरेल. "सोमवारपासून जा ना," म्हणेल. तिला वाटलं तर ती दोन दिवस थांबेल. पण ते तिच्या मर्जीने, त्याच्या मंजुरीने नव्हे. त्याला अडीच महिने आधी कळावं म्हणूनच तर हा कागद 1 जूनला द्यायचा आहे. बदली बाई शोधायला, तिला चाव्या-चादरींचा हिशेब शिकवायला एवढा वेळ पुरतो.

15 ऑगस्टपासून 182 दिवस मोजले की शेवटचा दिवस येतो 12 फेब्रुवारी 2027. इथे एक गोष्ट आमच्या ध्यानात उशिरा आली, ती तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. परत येण्याची तारीख बाळाच्या जन्मावर ठरत नाही, रजेच्या पहिल्या दिवसावर ठरते. बाळ दहा दिवस उशिरा, गणपती बसल्यावर आलं तरी 12 फेब्रुवारी हलत नाही. बाळ दोन आठवडे लवकर, ऑगस्टअखेर आलं तरीही हलत नाही. रजा सुरू होण्याआधीच बाळ आलं तर मात्र मोजणी त्या दिवसापासून सुरू होते. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा बाळंतपणातून दुखणं लागलं असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिना पगारी रजा मिळते. म्हणून अर्जात "बाळ झाल्यावर तारीख कळवीन" असं लिहू नका. सुरुवात आणि शेवट दोन्ही आधीच लिहा आणि पुढे "आजारपण उद्भवल्यास दाखल्यासह वाढीव रजा कळवीन" एवढं जोडा.

आता दुसरं क्रियापद. तिची साठलेली रजा 14 दिवस आहे. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे वर्षात 240 दिवस काम केलं की दर 20 दिवसांमागे एक दिवस पगारी रजा जमते, आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते. 14 पैकी 12 दिवस ती प्रसूती रजेच्या शेवटाला जोडून मागते: 13 फेब्रुवारी ते 26 फेब्रुवारी 2027. दिवस 14 होतात, पण 16 आणि 23 तारखेचे मंगळवार तिच्या सुट्टीचेच आहेत, ते साठलेल्या रजेतून कापायचे नाहीत असं ती अर्जातच लिहिते. तिच्या रिसॉर्टमध्ये शिवजयंतीची पगारी सुट्टी असेल तर एक दिवस आणखी वाचेल. 27 फेब्रुवारी 2027, शनिवारी ती कामावर हजर होईल. उरलेले दोन दिवस ती मुद्दाम राखून ठेवते: नऊ महिने झाले की जूनमध्ये गोवर-रुबेलाची लस आहे आणि लसीनंतर बाळ किरकिरतं.

साठलेली रजा शेवटाला का? कारण ऑफिसची जुनी रीत उलटी आहे. "आधी तुझी शिल्लक रजा संपव, मग बाळंतपणाची सुरू कर" असं सांगतात, आणि बाईला वाटतं की नियमच तसा असेल. काही ठिकाणी तर 26 आठवड्यांच्या आतच शिल्लक रजा वळती करून टाकतात. बाईला कळतही नाही. ओळखायची खूण सोपी आहे. जुलैच्या पगारपावतीवर शिल्लक रजा 14 असेल, तर 12 फेब्रुवारीलाही ती 14 पेक्षा कमी नसली पाहिजे. आकडा कमी झाला असेल तर तुमच्या हक्काच्या रजेचे पैसे तुमच्याच गाठोड्यातून दिले गेले. म्हणून आधी हक्काचे 182, मग लागलाच तर आजारपणाचा महिना, आणि सगळ्यात शेवटी मागितलेले 12. 12 दिवस मालकाने नाकारले तर वाईट वाटेल, पण तेवढ्याने पहिले 182 डळमळत नाहीत, कारण ते वेगळ्या परिच्छेदात, वेगळ्या क्रियापदाने लिहिले आहेत.

पैशांचं आम्ही हळू आवाजात बोलत आलो. आता मोठ्याने बोलतो. रजेचा पगार सरासरी रोजाने मिळतो, आणि सरासरी काढायची ती रजा सुरू होण्याआधीच्या तीन कॅलेंडर महिन्यांची. हिच्या बाबतीत मे, जून, जुलै. रोज 900 धरला तर 182 दिवसांचे 1,63,800 रुपये. हिशेबनीस म्हणेल, आठवड्याला सहाच दिवस काम, म्हणजे 156 दिवस, म्हणजे 1,40,400. फरक 23,400 रुपयांचा. हा वाद तमिळनाडूतल्या मळ्यावरच्या एका कामगार बाईने पूर्वीच लढून ठेवला आहे. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आठवडा म्हणजे सात दिवस, सुट्टीचा वारही त्यात धरायचा. तिने मळ्यात राबून काम केलं, आम्ही खोल्या झाडतो. तिचे रविवार आणि आमचे मंगळवार एकाच हिशेबातले.

ही रक्कम दोन हप्त्यांत मिळते. 15 ऑगस्ट ते 11 सप्टेंबर या 28 दिवसांचे 25,200 रुपये गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ. उरलेल्या 154 दिवसांचे 1,38,600 रुपये बाळ झाल्याचा पुरावा दिल्यापासून 48 तासांच्या आत. म्हणून दवाखान्यातून निघताना घरच्या माणसाच्या हाती पेढ्यांच्या आधी जन्माचा कागद द्या आणि त्याला थेट ऑफिसला पाठवा. ज्या बायांचा पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत आहे आणि पगारातून ईएसआयची कपात होते, त्यांना हे पैसे मालक नाही, राज्य विमा महामंडळ देतं. त्यांनी सूचना मालकाला द्यायची आणि दावा ईएसआयच्या कार्यालयात लावायचा. कपात होते की नाही, हे पगारपावतीवर आजच बघून ठेवा. कपात होत नसेल तर का होत नाही, हेही विचारा.

अर्जात आणखी दोन वाक्यं घालतो, फार थोड्या बायांना माहीत असलेली. एक: अपेक्षित तारखेच्या सहा आठवडे आधीचा जो महिना, त्यात आणि नंतर रजा सुरू होईपर्यंत जड काम किंवा तासन् तास उभं राहण्याचं काम आपण मागणी केली तर आपल्याला देता येत नाही. हिच्यासाठी तो काळ 1 जुलैच्या आसपास सुरू होतो. गाद्या उलटणं, ओल्या चादरींची बोचकी जिन्यावरून उतरवणं त्या दिवसापासून बंद. हे मागावं लागतं. न मागता कुणी देत नाही. दुसरं: या रजेच्या काळात मी दुसऱ्या कोणत्याही आस्थापनेत काम करणार नाही. हे वाक्य कायद्यालाच हवं आहे, आणि ते पाळायचंही असतं. डिसेंबर-जानेवारीत शेजारच्या होमस्टेमधून "दोन दिवस ये गं" असा निरोप येईल. गेलात तर त्या दिवसांच्या लाभावर पाणी सोडाल.

परत येणं हाही अर्जाचाच भाग आहे. ती लिहिते: 27 फेब्रुवारी 2027 रोजी माझ्या याच कामावर, याच रोजावर हजर होईन, आणि बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा दूध पाजण्याची सुटी घेईन. जिथे 50 माणसं कामाला आहेत तिथे पाळणाघर असलं पाहिजे, आणि दिवसातून चारदा तिथे जाता आलं पाहिजे. लोणावळ्याच्या आसपास असं किती ठिकाणी आहे हे विचारायची आमची पाळी आता आली आहे.

आमच्या सगळ्याच बायांना हा कागद पुरत नाही, हे आम्ही लपवत नाही. कायदा दहा किंवा त्याहून जास्त माणसांच्या दुकाना-हॉटेलांना लागतो. एकाच बंगल्याची राखण करणारी, तीन घरची धुणीभांडी करणारी बाई त्याच्या बाहेर राहते. तिच्या वाट्याला पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये येतात, तेही हप्त्यांनी. 1,63,800 आणि 5,000 या दोन आकड्यांमध्ये तीच डोंगररांग, तोच पाऊस, तेच नऊ महिने आहेत. तिच्यासाठीही आम्ही लढू. पण जिचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे तिने तो आधी घेतला पाहिजे. तिच्या अर्जावरच्या शिक्क्याकडे बोट दाखवून आम्ही उरलेल्यांचं बोलू. आणि ठेकेदाराकडून आलेल्या बायांनो, तुम्ही स्वतःला बाहेर समजू नका. अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालं असलं की पुरे. रोजंदारीवरच्या बायांनाही हा लाभ आहे, हे दिल्लीच्या महापालिकेच्या कामगार बायांनी 2000 साली सर्वोच्च न्यायालयातून मिळवून ठेवलं आहे. हजेरीच्या पानाचा फोटो दर महिन्याला काढून ठेवा. 80 दिवसांचा तोच साक्षीदार.

म्हणून आम्ही ठरवलं आहे. औंढ्यातली एकही नोकरदार बाई आता बाळंतपणाची रजा तोंडी मागणार नाही. प्रत्येकीचा अर्ज दोन प्रतींत निघेल आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घेतल्याशिवाय ती ऑफिसच्या पायऱ्या उतरणार नाही. शिक्का दिला नाही तर तोच कागद त्याच दिवशी पोस्टाने पोचपावतीसह जाईल. जिला लिहिता येत नाही तिचा अर्ज शेजारीण लिहील, जिचा मॅनेजर ओरडतो तिच्याबरोबर आमच्यातल्या दोघी जातील. उशीर झाला, बाळ होऊनही गेलं, कागद दिलाच नाही, म्हणून कुणी घरी रडत बसणार नाही. सूचना बाळ झाल्यावरही देता येते आणि ती उशिरा दिली म्हणून हक्क जात नाही. आणि "बघू" हे उत्तर आम्ही यापुढे उत्तर म्हणून धरणार नाही.

1 जूनला, सोमवारी, पहिला अर्ज जाईल. मुली, बहिणी, सुना, तुमच्यापैकी जिला दिवस गेले आहेत तिने त्याआधी आमच्याकडे यावं. मंगळवारी दुपारी आम्ही घरीच असतो. येताना माता-बाल संरक्षण कार्ड आणा, गेल्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणा, आणि शेवटच्या पाळीची तारीख आठवून या. तारीख नसेल आठवत तर सण आठवा; पंचांग आमच्याकडे आहे.